९० अंशांचं वळण आणि टोकाला टेकलेलं सुकाणू: हेडिंग कंट्रोलची प्रगती

बोट १.२ मीटरची, १:१०० प्रमाणातली मालवाहू, एक पंखा, एक सुकाणू. वेग ०.८ मीटर प्रति सेकंद. सुकाणू दोन्ही बाजूंना ३० अंशांवर थांबवलंय, कारण त्यापुढे पात्यावरचा प्रवाह सुटू लागला की कोन वाढवूनही वळण वाढत नाही, नुसता वेग मरतो. या टप्प्यात काम एकच: दिशा ९० अंशांनी बदलायला सांगितली तर बोटीने पुढे न घसरता नव्या दिशेवर येऊन थांबावं.

मॉडेल जपानी संशोधक नोमोटोंचं १९५७ चं, पहिल्या कोटीचं: `T·dr/dt + r = K·δ`. इथे r म्हणजे वळण्याचा दर, δ म्हणजे सुकाणूचा कोन, K म्हणजे सुकाणूच्या एका अंशामागे मिळणारा स्थिर दर आणि T म्हणजे त्या दरापर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेचं माप. K आणि T काढायला शांत पाणी आणि न हलवलेला थ्रॉटल पुरतो. सरळ चालत्या बोटीचं सुकाणू एकदम २० अंशांवर न्यायचं आणि जायरोची नोंद घ्यायची. दर १६ अंश प्रति सेकंदावर स्थिरावला, म्हणून K = ०.८. त्याच्या ६३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण १० पर्यंत, पोचायला २ सेकंद लागले, म्हणून T = २. चाचणी डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही करून सरासरी घ्यावी. एका पंख्याची बोट एका बाजूला आपोआप ओढली जाते, आणि एकाच बाजूची चाचणी ती ओढ K मध्ये मिसळते.

नियंत्रण असं, यात psi_d म्हणजे हवी ती दिशा, psi म्हणजे सध्याची, e म्हणजे त्यांतली चूक, Kp आणि Kd म्हणजे आपण ठरवायचे गुणक:

```
e = wrap180(psi_d - psi);
u = Kp*e - Kd*r;
delta = constrain(u, -30, 30);
```

`wrap180` हा फरक -१८० ते १८० अंशांत आणतं; ते विसरलात तर ३५० वरून १० वर जाताना बोट लांबच्या बाजूने अख्खी फिरते. दुसऱ्या ओळीतला r थेट जायरोचा आहे, होकायंत्राच्या वाचनातून काढलेला नाही. १० हर्ट्झवर होकायंत्र एका अंशाने थरथरलं तरी फरकातून १० अंश प्रति सेकंदाचा खोटा दर निघतो, आणि Kd ने गुणल्यावर सुकाणूला २३ अंशांचा झटका बसतो. सर्व्हो सतत करकरत असेल तर आधी हेच तपासावं.

बंद लूपमध्ये `ωn² = K·Kp/T` आणि `2ζωn = (1 + K·Kd)/T`; ωn प्रतिसाद किती चपळ ते सांगतो, ζ दोलन किती दाबलं जातं ते. ωn = ०.८ आणि ζ = ०.९ धरलं की Kp = १.६, Kd = २.३५ येतात. आता खरा प्रश्न. ९० अंशांच्या चुकीवर Kp एकटाच १४४ अंश सुकाणू मागतो, मिळतं ३०. चूक १९ अंशांपेक्षा जास्त असली की बोट सरळ असतानाही सुकाणू टोकाला जातं. म्हणजे मोठ्या वळणाचा पहिला भाग रेषीय गणिताच्या बाहेरच चालतो, आणि तिथे Kd चं काम एकच उरतं: सुकाणू टोकावरून कधी सोडायचं ते ठरवणं.

वरच्या आकड्यांनी हिशेब केला तर सुकाणू ३.४ सेकंदांनी सुटतं. तेव्हा ४८ अंश वळण बाकी असतं आणि दर १९.६. चूक १८ अंशांवर आली की सुकाणू मध्य ओलांडून उलट बाजूला जेमतेम अडीच अंश जातं, आणि बोट पुढे जवळपास घसरतच नाही. Kd फक्त ०.५ ठेवला तर सुकाणू टोकालाच राहतं, २५ अंश उरेपर्यंत. तोवर दर २१ च्या वर गेलेला असतो आणि बोट १० अंश पुढे जाते. म्हणून लॉगमध्ये अंतिम दिशेच्या आधी `delta` ३० वरून कुठे उतरतो ते बघावं. दोष तिथेच दिसतो. चुकीची बेरीज करत जाणारं I चं पद जोडायचं असेल तर सुकाणू टोकाला असताना ती बेरीज थांबवावी, नाहीतर पूर्ण वळणभर साठलेली चूक नंतर ओसरेपर्यंत बोट नव्या दिशेच्या पलीकडे राहते.

हे आकडे एकाच वेगाचे आहेत. वेग निम्मा केला की K साधारण ०.४ होतो, T ४ होतो, आणि त्याच गुणकांवर ζ ०.६ वर येतो. बंदराच्या वेगाने चालवताना गुणक वेगळे हवेत.

पुढचा टप्पा सुकाणूच्या वेगाचा. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जहाजाचं सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० पर्यंत २८ सेकंदांत गेलं पाहिजे, म्हणजे सरासरी सेकंदाला २.३ अंश. १:१०० मॉडेलमध्ये काळ प्रमाणाच्या वर्गमुळाने, म्हणजे दहापट आखूड होतो, म्हणून ते सेकंदाला २३ अंश. टोकावरून सुटतानाच वरचं नियंत्रण सेकंदाला सुमारे ३७ अंशांनी सुकाणू हलवायला सांगतं. छोटा सर्व्हो ते सहज करतो, पण जहाजासारखं वागायचं तर कोडमध्ये २३ ची मर्यादा घालून २.३५ हा Kd पुन्हा तपासायचा आहे.