पपईची तारीख आणि सोनोग्राफीची तारीख

संक्रांतीनंतरच्या दोन-तीन दिवसांत रक्तस्राव घेऊन आलेल्या गरोदर बाईने काय खाल्लं, हे मला विचारावं लागत नाही. ती खुर्चीत टेकायच्या आधी सोबतची बाई सांगून मोकळी होते. १६ जानेवारीच्या सकाळीही तेच झालं. "मॅडम, हळदीकुंकवाला गेली, तिथं पपईच्या चार फोडी खाल्ल्या. वर तिळाच्या वड्या. मी नको नको म्हणत होते." सासूबाई बोलत होत्या, सून खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. पपई १४ तारखेच्या संध्याकाळी, डाग १५ च्या संध्याकाळी. क्रम असा सरळ लागला की घरात कुणाला शंकाच उरत नाही.

मी पपई बाजूला ठेवून तारखा विचारल्या. शेवटची पाळी १० नोव्हेंबरला आली होती आणि पाळी दर २८ दिवसांनी नियमित येत होती. १५ डिसेंबरला घरी लघवीची चाचणी केली तेव्हा दोन रेषा आल्या. म्हणजे त्या सकाळी हिशेबाने ९ आठवडे ४ दिवस भरत होते. "मळमळ कशी आहे?" विचारलं तर म्हणाली, "ती तर नवीन वर्ष लागल्यापासून थांबलीय. मला वाटलं, बरं झालं." हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलं. नुसती मळमळ थांबण्याने काही सिद्ध होत नाही, पण पुढे दिसणाऱ्या गोष्टीशी ते जुळणार होतं.

योनीमार्गातून सोनोग्राफी केली. पिशवी होती, आत गर्भही होता. त्याची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ११ मिलिमीटर भरली. साडेनऊ आठवड्यांचा गर्भ साधारण २५ मिलिमीटरच्या आसपास असतो. ११ मिलिमीटर म्हणजे जेमतेम सव्वासात आठवडे. ठोके नव्हते. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असताना योनीमार्गातल्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, तर गर्भ जिवंत नाही असं धरतात. त्याहून लहान असेल तर निर्णय न घेता निदान आठवडाभराने पुन्हा बघायचं असतं. इथे लांबी हद्दीच्या पुढे होती, तरी दुसऱ्या डॉक्टरांकडून पाहून घेतलं. अशा वेळी घाई करायची नसते.

आता हिशेब. या वयात गर्भ दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून त्याची लांबी तो कधी थांबला तेही सांगते. सव्वासात आठवडे म्हणजे पाळीपासून ५१ दिवस. १० नोव्हेंबरपासून ५१ दिवस मोजले की ३१ डिसेंबर येतो. मापात दोन-चार दिवस इकडेतिकडे धरा, तरी वाढ थांबली ती वर्षअखेरीला आणि पपई खाल्ली १४ जानेवारीला.

इथे चलाख वाचक विचारेल, बीज उशिरा सुटलं असेल तर? प्रश्न रास्त आहे, तारखा चुकण्याचं ते नेहमीचं कारण. पण ३५ व्या दिवशी चाचणीत दोन रेषा यायच्या तर गर्भ त्याआधीच रुजलेला हवा. बीज सुटण्याला आठ-दहा दिवस उशीर झाला असं धरलं, तरी वाढ संक्रांतीच्या चार ते सहा दिवस आधी थांबलेलीच निघते.

मग रक्त आत्ताच का? गर्भाची वाढ थांबली तरी वारेचा भाग काही काळ संप्रेरकं तयार करत राहतो. ती हळूहळू उतरतात, गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागतं आणि कधी आठवड्याने, कधी तीन आठवड्यांनी रक्त दिसतं. बाईच्या दृष्टीने गर्भ 'आज' पडतो आणि बोट जातं काल खाल्लेल्या गोष्टीकडे. खरा तपास दोन-तीन आठवडे मागे करायला हवा, आणि तेव्हा काय खाल्लं होतं ते कुणाला आठवत नसतं.

पपईची भीती हवेतून आलेली नाही. हिरव्या पपईला नखाने ओरखडा काढा, पांढरा चीक पाझरतो. मटण मऊ करायला कच्ची पपई घालतात ती याच चिकातल्या पपेनमुळे. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ साली यावर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी उंदरिणीच्या गर्भाशयाचे तुकडे भांड्यात ठेवून त्यावर चीक घातला, तर ते जोरात आकुंचन पावले. पिकलेल्या पपईच्या रसाने तसं झालं नाही. गाभण उंदरिणींना पिकलेली पपई खाऊ घातली, तेव्हाही गर्भांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. फळ पिकताना चीक जवळजवळ संपतो, हे त्यामागचं कारण. म्हणून मी सांगते: पूर्ण पिवळी, मऊ पपई खा, हिरवी, अर्धी कच्ची किंवा कच्च्या पपईची कोशिंबीर गरोदरपणात नको. भांड्यातला तुकडा आणि जेवणारी बाई यांत फरक आहे, पण चिकाची परीक्षा बायकांवर घेण्याचं कारण नाही.

अननसानेही गर्भ पडतो म्हणतात, पण ते प्रकरण लहान आहे. त्यातलं ब्रोमेलेन हे पपेनसारखंच द्रव्य औषधासाठी काढतात ते मुख्यत्वे बुंध्यातून, आणि खाल्लेल्या फोडींतलं बरंचसं पोटात पचून जातं. जास्त खाल्ला तर जीभ सोलवटते आणि आंबट ढेकर येतात. तिळाबद्दल तर प्रयोगाचाही आधार नाही. पाळी लांबली की तीळ-गुळाचा काढा द्यायची रीत आहे. त्यावरून 'उष्ण' आणि 'उष्ण' म्हणून गर्भ पाडणारा, असा हा तर्क. संक्रांतीच्या दोन वड्या त्यात विनाकारण अडकल्या.

मग गर्भ पडला कशाने? माहीत असलेल्या शंभर गरोदरपणांत दहा ते पंधरा असेच संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. हिच्या बाबतीत नेमकं कारण तपासलं नाही. पहिल्याच वेळी ती तपासणी सहसा करत नाहीत. वाट पाहणं, गोळ्या किंवा पिशवी साफ करणं, हे तीन पर्याय सांगितले. तिने गोळ्या घ्यायचं ठरवलं. सलग दोन तास, तासाला एक पॅड भिजलं किंवा ताप आला तर रात्रीही या, असं लिहून दिलं.

सासूबाई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, ती एकतीस डिसेंबरची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. पपई देणाऱ्या वहिनींना मी काल बोलून आलेय." मी कागदाच्या मागे दोन तारखा लिहिल्या, एकीखाली एक.