मार्चवरचा जोर

ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये मी एजंटांना उच्चार आणि बोलण्याचं प्रशिक्षण देते. रात्रपाळी, अमेरिकेतले ग्राहक आणि कर्जखात्यांचं काम. क्वालिटी टीम माझ्याकडे पाठवते त्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेकदा व्याकरण घसरलेलं असतं, नाहीतर शब्द गिळलेले असतात. या रेकॉर्डिंगमध्ये तसं काहीच नव्हतं. वाक्य शुद्ध, उच्चार स्वच्छ, बोलणं अदबीचं. तरीही ग्राहक बाई चिडल्या, त्यांनी सुपरवायझर मागितला आणि कॉल एस्कलेट झाला.

बाईंनी विचारलं होतं, ‘हॅज माय मार्च पेमेंट बीन रिटर्न्ड?’ एजंटने स्क्रीनवर खातं तपासून सांगितलं, ‘नो मॅम, युवर मार्च पेमेंट हॅजन्ट बीन रिटर्न्ड.’ बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, ‘देन विच वन हॅज?’ मुलगा गडबडला. खात्यात कुठलाच हप्ता परत गेलेला नव्हता. मग त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा सावकाश, आणि ‘मार्च’वर आधीपेक्षाही जास्त जोर देऊन. आता बाईंची खात्रीच पटली, की फेब्रुवारीच्या किंवा एप्रिलच्या हप्त्याचं काहीतरी झालंय आणि हा ते सांगत नाहीये.

इंग्रजी वाक्याच्या प्रत्येक तुकड्यात एक शब्द मुख्य जोराचा असतो. त्या शब्दाच्या आघाताच्या अक्षरावर आवाजाची पट्टी ठळकपणे वळते, अक्षर थोडं लांबतं, आणि तिथून पुढे तुकडा संपेपर्यंत आवाज बहुधा खालीच, सपाट राहतो. हा जोर ऐकणाऱ्याला सांगतो की नवी माहिती इथे आहे, बाकीचं आपल्या दोघांना ठाऊकच आहे. शेवटाआधीच्या शब्दावर जोर आला की ऐकणारा आपोआप विचारतो, हाच का, दुसरा कुठला का नाही? ‘मार्च’ तर बाईंनी स्वतःच प्रश्नात म्हटलेला होता, त्यामुळे तो उत्तरात खाली दबायला हवा होता. तो वर आला म्हणजे मार्चची तुलना दुसऱ्या महिन्याशी चालली आहे, असाच अर्थ त्यांच्या कानाने लावला.

हे एकच वाक्य मी फळ्यावर लिहून जोर सरकवत गेले. जोर ‘युवर’वर ठेवला तर तुमचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी परत गेलंय. ‘पेमेंट’वर ठेवला तर मार्चचं दुसरं काहीतरी, समजा एखादा फॉर्म, परत गेलाय. ‘हॅजन्ट’वर ठेवला तर फक्त नकार ठाम होतो, आणि बाईंच्या प्रश्नाला नेमकं हेच उत्तर होतं. ‘रिटर्न्ड’वर ठेवला की मामला थोडा अवघड. कुणी नुसतंच ‘माझ्या खात्याचं काय चाललंय?’ असं विचारलं असेल तर हा साधा, कुठलाही संशय न आणणारा जोर आहे, कारण अर्थ वाहणारा शेवटचा शब्द ही त्याची नेहमीची जागा. पण ‘परत गेलं का?’ असं विचारल्यावर ‘रिटर्न्ड’वर जोर दिला, तर परत गेलं नाही पण अडकलंय बहुतेक, अशी शंका येते. म्हणजे शेवटच्या शब्दावरच्या जोराचा अर्थ आधीच्या प्रश्नावरून ठरतो.

मुलाने ‘मार्च’वर जोर का दिला, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडचे बरेच जण हेच करतात. तो म्हणाला, ‘मॅडम, त्यांनी मार्चचंच विचारलं होतं, मी तेच ठळक केलं.’ मराठीत बोलताना आपल्याकडे ‘च’, ‘तर’, ‘सुद्धा’ हे शब्द हाताशी असतात, शिवाय शब्दांचा क्रम हलवता येतो. त्यामुळे नकार ठाम करायचं काम आवाजावर एकट्यावर पडत नाही. ‘परत गेलेलंच नाही’ म्हटलं की झालं. इंग्रजीत शब्दक्रम बराच बांधलेला असतो, म्हणून ते ओझं बहुतांशी आवाजाच्या पट्टीवर येतं. ग्राहकासाठी महत्त्वाचा शब्द आणि उत्तरात नवा असलेला शब्द हे दोन वेगळे असू शकतात, आणि जोर नव्या शब्दाला मिळतो. सगळं प्रशिक्षण या एका गोष्टीवर उभं आहे, असं माझं मत आहे.

रेकॉर्डिंग मी प्राटमध्ये उघडलं. आवाज तपासायचं हे मोफत सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलंय. पुरुषाच्या आवाजासाठी पट्टीची मर्यादा ७५ ते ३०० हर्ट्झ ठेवली, की आवाजाच्या चढ-उताराची रेष पडद्यावर सहसा नीट उमटते. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच जातात आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा त्याच्या बराच खाली असतो, म्हणून पट्टी ऐकूच जात नसेल असं वाटू शकतं. पण वरच्या पटीतल्या स्वरांवरून आपला कान मूळ स्वर बरोबर ओळखतो. मुलाच्या रेषेत ‘मार्च’वर मोठा उंचवटा होता आणि ‘रिटर्न्ड’वर आणखी एक चढ. दुसरा चढ नसता तरी बाईंनी तोच प्रश्न विचारला असता. त्या चढामुळे उत्तर अर्धवट राहिल्यासारखंही वाटलं.

सरावाला मी त्याला उत्तरातले शब्द खोडायला लावले. प्रश्नात येऊन गेलेला शब्द उत्तरात असेल तर त्याच्यावर काट. ‘मार्च’, ‘पेमेंट’, ‘रिटर्न्ड’ तिन्ही गेले, उरला नकार, म्हणून जोर ‘हॅजन्ट’वर. प्रश्न ‘व्हिच पेमेंट वॉज रिटर्न्ड?’ असता तर महिन्याचं नाव उरलं असतं आणि तेव्हा ‘मार्च’वरचा जोर अगदी बरोबर ठरला असता.

जागा कळली तरी तोंडातून लगेच येत नाही. मुलगा पहिल्यांदा ‘हॅजन्ट’ ओरडल्यासारखं म्हणाला. मोठा आवाज म्हणजे जोर नाही. ग्राहकाला तो राग वाटतो. म्हणून शब्द काढून टाकून आधी वाक्य नुसतं गुणगुणायला लावलं, म्हणजे फक्त चढ-उतार उरतात. तिथे खरी अडचण दिसली: चढ जमत होता, पण नंतरची शेपटी सपाट राहत नव्हती. आपल्या बोलण्यात जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाला छोटा चढ मिळतो, आणि ‘बीन रिटर्न्ड’पर्यंत आवाज खाली धरून ठेवणं तोंडाला अनोळखी वाटतं. ‘हॅजन्ट’नंतरचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायला सांगितल्यावर ते जमलं.

जमलं की नाही याची परीक्षा दुसऱ्याने घ्यायची. एकाने प्रश्न न वाचता फक्त उत्तर म्हणायचं आणि शेजारच्याने पुढ्यातल्या चार प्रश्नांपैकी तो कुठला हे ओळखायचं. ओळखता आलं नाही तर जोर पडलेलाच नाही. मात्र शेजारी आपल्यातलाच असला तर तो कधीकधी शब्दांवरून अंदाज बांधतो, म्हणून चारही प्रश्नांना शब्दशः तेच उत्तर बसेल असे प्रश्न निवडावे लागतात.

शब्द खोडायची ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ‘युवर कार्ड्ज अराइव्हड’ ही बातमी अचानक सांगायची असेल तर दोन्ही शब्द नवे असूनही जोर ‘कार्ड’वर जातो, शेवटच्या ‘अराइव्हड’वर नाही. काहीतरी आलं, गेलं, बंद पडलं अशा छोट्या वाक्यांत इंग्रजी बोलणारे बहुधा कर्त्यालाच उचलतात. जोर ‘अराइव्हड’वर नेला की कार्डाची वाट पाहणं आधीपासून चालू होतं, असं ऐकू येतं. नव्या बॅचला मी ही वाक्यं पहिल्या आठवड्यात देत नाही.