बावीस घरांचे गाव

काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात, मी बीड जिल्ह्यातील एका गावात घरोघरी सर्वेक्षणाचे काम केले. गावातील फक्त 22 कुटुंबांना प्रश्न विचारायचे होते. अशा अनेक गावांतील उत्तरे एकत्र करून राज्याचे चित्र तयार होणार होते. इतक्या थोड्या घरांवरून कोट्यवधी लोकांविषयी काही सांगता येते, यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता.

पहिले दोन दिवस एकही मुलाखत झाली नाही, केवळ घरयादी तयार करण्यात गेले. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत 251 घरे होती आणि तीच यादी उतरवून घ्यावी असे मी सुचवले, पण आमच्या पर्यवेक्षक बाईंनी ते मान्य केले नाही. आम्ही गावठाण, वस्त्या आणि शेतातील कोपी पायी फिरून नकाशावर क्रमांक टाकत गेलो, तेव्हा 286 कुटुंबे निघाली. वाढलेल्या कुटुंबांपैकी बरीचशी शेतवस्तीवरची होती आणि काही एकाच छपराखाली वेगळी चूल मांडलेल्या भावांची. सर्वेक्षणात कुटुंब चुलीवरून मोजतात. जे यादीतच नाही त्याची निवड होण्याची शक्यता शून्य असते, आणि पुढे नमुना कितीही मोठा घेतला तरी ती उणीव भरून निघत नाही.

मग निवड झाली. 286 ला 22 ने भागले की 13 येतात, म्हणून दर तेरावे घर घ्यायचे होते. सुरुवात 1 ते 13 पैकी कोणत्या क्रमांकापासून करायची हे यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ठरले आणि 8 हा आकडा आला. त्यानुसार 8, 21, 34, 47 असे करत शेवटचे घर 281 वे ठरले. यात माझी, सरपंचांची किंवा पर्यवेक्षकांची पसंती कुठेच नव्हती, आणि प्रत्येक कुटुंबाला निवडले जाण्याची सारखीच संधी होती.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो, म्हणून तिथे एक शीत पुरते. गाव मात्र तसे नसते. सरावाच्या दिवशी आम्ही मंदिराच्या चौकातील 20 घरांत रोजचा स्वयंपाक कशावर होतो हे विचारले होते, तेव्हा 17 घरांनी गॅस सांगितला. निवडलेल्या 22 घरांपैकी गॅस सांगणारी घरे 12 भरली. बाकीच्यांपैकी बहुतेकांकडे सिलिंडर होता, पण तो पाहुणे आल्यावरच पेटत असे आणि रोजची भाकरी सरपणावर होत असे. चौकातील आणखी 50 घरे विचारली असती तरी उत्तर चौकाचेच आले असते. चिठ्ठीने निवड केली की शेतवस्तीही तिच्या वाट्याइतकी नमुन्यात येते.

तरीही 22 घरांवरून एका गावाविषयी ठामपणे बोलता येत नाही, कारण दुसरा आरंभ-क्रमांक आला असता तर 12 ऐवजी 9 किंवा 15 घरेही आली असती. हा चढउतार नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. संपूर्ण राज्यातून यादृच्छिकपणे 1000 कुटुंबे निवडली, तर शंभरपैकी सुमारे 95 वेळा टक्केवारी खऱ्या आकड्याच्या साधारण 3 अंक अलीकडे-पलीकडे राहते. ही चूक निम्मी करायची तर 4000 कुटुंबे लागतात. राज्याची लोकसंख्या एक कोटी असो की बारा कोटी, नमुना तिचा अगदी लहान भाग असेल तोवर या गणितात फरक पडत नाही. अर्थात एका गावातील शेजारी एकमेकांसारखे असतात, त्यामुळे एकाच गावातील 1000 घरे या हिशोबात बसत नाहीत. म्हणूनच थोडी घरे, पण पुष्कळ गावे, अशी मांडणी करतात.

सर्वांत कठीण भाग बंद दारांचा होता. 112 क्रमांकाचे घर सकाळी आणि दुपारी बंद होते, तर शेजारच्या घरातील आजी स्वतःहून म्हणाल्या, "आम्हाला विचारा की, सगळं सारखंच हाय." त्यांच्या ओट्यावर बसून फॉर्म भरणे सोपे होते. पर्यवेक्षक बाईंनी स्पष्ट शब्दांत मनाई केली, कारण दिवसा घरी सापडणारी आणि न सापडणारी माणसे एकसारखी नसतात. अशा अदलाबदलीने नमुना नकळत घरी बसलेल्यांचा होऊन जातो. रात्री साडेसातला तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा नवरा-बायको कापूस वेचून नुकतेच परतले होते. अंगणात तीन दगडांची चूल धगधगत होती आणि घरात गॅसची जोडणी नव्हती. आजींच्या ओट्यावर मात्र गॅसची शेगडी मी दुपारीच पाहिली होती.

203 क्रमांकाचे कुटुंब ऊसतोडीला गेले होते आणि उन्हाळ्यापर्यंत परतणार नव्हते. त्या फॉर्मवर मी "कुटुंब दीर्घकाळ बाहेरगावी" असे कारण लिहिले, तीन भेटींच्या तारखा आणि वेळा नोंदवल्या आणि बाकीची पाने कोरी ठेवून तो इतर 21 फॉर्मसोबत जमा केला.