नवे नाव इतरांच्या तोंडी रुळवताना

जन्माच्या वेळी मुलगा समजून ठेवलेले नाव सोडून मी ‘अनघा’ हे नाव घेतले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. मी ट्रान्स स्त्री आहे हे घरच्यांना नावाच्या आधीच सांगून झाले होते. ते त्यांनी आपापल्या परीने समजूनही घेतले होते. पण मला हाक मात्र जुन्याच नावाने पडत होती. ती हाक बदलणे हे सांगण्याइतकेच मोठे आणि अगदी वेगळ्या जातीचे काम निघाले. ते कसे पार पडले, ते इथे लिहीत आहे. जुने नाव लिहिणार नाही. त्यावाचून काही अडत नाही.

नाव निवडताना आरंभी मी अर्थाच्या मागे लागले होते. याद्या वाचायच्या, अर्थ पाहायचा, आवडलेली नावे वहीत उतरवायची, असे बरेच दिवस चालले. मग लक्षात आले की अर्थ एकदा सांगून संपतो, पण नाव दिवसभर उच्चारले जाते. म्हणून मी वहीतले प्रत्येक नाव रोजच्या वाक्यांत घालून मोठ्याने म्हणू लागले. ‘इरा’ मला फार आवडले होते. पण फोनवर नाव सांगून पाहिले तेव्हा समोरच्या मैत्रिणीला एकदा ‘मीरा’ आणि एकदा ‘हिरा’ ऐकू आले. दोन अक्षरी, स्वराने सुरू होणारे नाव फोनवर निसटते. ‘नंदिता’वर मन जवळजवळ बसले होते, तेव्हा त्याच मैत्रिणीने विचारले, “घरी याचे काय होईल?” घरी त्याचे ‘नंदू’ झाले असते, आणि नंदू म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुलगाही येऊ शकतो. पूर्ण नावाइतकेच त्याचे लघुरूपही तपासावे, हे मला तिथे कळले. जुन्या नावाशी आवाजात जुळणारे एक नावही यादीत होते, कारण लोकांना ते सोपे जाईल असे वाटत होते. प्रत्यक्षात त्या नावाची सुरुवात करताच जीभ सवयीने जुन्या नावाकडे वळते. माझे मत असे झाले आहे की पूर्ण वेगळे नाव शिकायला थोडे जड जाते, पण त्यात घसरायला कमी होते.

‘अनघा’ या सगळ्यांतून तरले. ते कायम करण्यापूर्वी मी दोन मैत्रिणींना काही आठवडे तेच वापरायला सांगितले, आणि एक गोष्ट मुद्दाम मागून घेतली: मी समोर नसताना एकमेकींशी बोलतानाही माझा उल्लेख याच नावाने करा. समोर असताना लोक बहुतेक वेळा ‘अगं’ म्हणून काम भागवतात. नाव खरे वापरले जाते ते पाठीमागे. नाव आपले वाटते की नाही, याची माझी खूण साधी होती. मागून हाक आल्यावर मान आपसूक वळते का? पहिल्या दिवसांत ती वळत नव्हती, आणि त्यावरून नाव चुकले असे समजू नये. हाक ऐकल्यावर आत काही आक्रसते की मोकळे होते, हे अधिक खरे. माझे मोकळे होत होते. रोमन लिपीतले स्पेलिंगही मी तेव्हाच एकदाचे ठरवून टाकले, कारण तेच पुढे प्रत्येक अर्जात आणि प्रत्येक ईमेल पत्त्यात जाणार होते.

घरात पहिल्यांदा आईला सांगितले, आणि तेही एकटीला. जुने नाव तिने ठेवले होते. नवे नाव सांगताना जुने वाईट होते असा सूर निघू नये, याची मी काळजी घेतली. ते तिने प्रेमाने दिले होते आणि ते प्रेम मी परत करत नाही, एवढे स्पष्ट म्हटले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी तुला सोन्या म्हणते, ते तरी राहू देशील का?” मी म्हटले, “सोनू म्हण.” तिने दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले आणि मान हलवली. सुरुवातीच्या काळात हे ‘सोनू’ फार उपयोगी पडले. अनघा जिभेवर येईना की ती तिथे थांबायची, पण जुन्या नावाकडे जात नसे. काही जण नाव निवडण्याचे कामच आईवडिलांवर सोपवतात, आणि काही घरांत ते छान जमते. मी मात्र नाव ठरवूनच तिच्यापुढे ठेवले. ज्यावर मत मागितले त्यावर नकारही येऊ शकतो, आणि तो मला स्वीकारता आला नसता.

नावापेक्षा क्रियापद जास्त वेळ घेते, हे घरातच दिसले. आईच्या तोंडी अनघा रुळले, तरी दार उघडताना “आलास का?” हेच यायचे. नाव घेताना माणूस सावध असतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी सवयीने येऊन जाते, आणि घाईत केलेल्या प्रश्नात तर हमखास. यावर आम्ही एक रीत ठरवली. चुकणाऱ्याने तेवढाच शब्द दुरुस्त करायचा, “आलास… आलीस का?”, आणि पुढे बोलायचे. क्षमा मागायची नाही, कारण लांबलेली क्षमा ऐकून शेवटी मलाच समोरच्याची समजूत काढावी लागते. तिने दुरुस्त केले नाही तर मी उत्तरातच ते करायची: “हो, आले.” आपण स्वतःविषयी आले, गेले, करते असे न चुकता बोलत राहिलो, तर ऐकणाऱ्याचे निम्मे काम होते.

दादाला आणि वहिनीला मी पत्र लिहिले, कारण दादाला वाचून विचार करायला आवडते. पत्रात तीनच गोष्टी होत्या: नाव काय, माझ्याविषयी बोलताना ‘ती’ म्हणावे, आणि कोणाला कधी सांगायचे ते मी ठरवीन. तिसरी गोष्ट लिहायला विसरू नये. आनंदाने आणि प्रेमानेही लोक आपल्या आधी बातमी पोचवतात, आणि मग जिथे आपली अजून तयारी नाही तिथे प्रश्न सुरू होतात.

पुतणी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिच्यासाठी माझ्या नावाला फारसा अर्थच नव्हता, कारण तिने मला नावाने कधी हाक मारली नव्हती; मी तिचा काका होते. घरातल्या धाकट्यांच्या बाबतीत नाव बदलते म्हणजे नाते बदलून सांगावे लागते, आणि तेच आधी सांगावे. दादाने तिला सांगितले की काका ही खरे तर आत्या आहे, आम्हाला ते आता कळले. तिने विचारले, “मग मला शाळेतून कोण आणणार?” आत्याच आणणार, असे उत्तर मिळाल्यावर तिचे समाधान झाले.

पण त्या प्रश्नामुळे शाळेचे काम पुढ्यात आले. मुलीला घरी न्यायला येणाऱ्यांच्या शाळेतल्या यादीत माझे जुने नाव होते, आणि ‘आत्या आली’ असे सांगत ती निघाली असती, तर फाटकावरच्या माणसाने तिला अडवले असते. त्याने अडवायलाच हवे. म्हणून दादाने मुख्याध्यापिकांना अर्ज दिला. त्यात नेण्यास येणारी व्यक्ती तीच असून तिचे वापरातले नाव आता अनघा आहे, मुलीशी नाते आत्या, सोबत नवा फोटो, आणि ओळखपत्रावर अजून जुने नाव असल्यामुळे ते फक्त कार्यालयातील नोंदीत ठेवावे, असे लिहिले होते. फाटकावरच्या यादीत अनघा आणि फोटो, तर कार्यालयाच्या फाइलमध्ये दोन्ही नावे, अशी सोय झाली. वर्गशिक्षिकांनी एक चांगला प्रश्न विचारला: मुलांनी काही विचारले तर काय सांगू? आम्ही एकच वाक्य दिले: “ती तिची आत्या आहे, तिचे नाव अनघा.” पुतणीलाही तेच शिकवले, आणि याहून जास्त सांगायचे की नाही हे तिच्या मनावर सोडले. मुलाला स्पष्टीकरणांचा भार देऊ नये, याबाबत वहिनी ठाम होती, आणि तिचे बरोबरच होते.

कार्यालयात क्रम महत्त्वाचा ठरला. आधी माझ्या व्यवस्थापक मॅडम, मग मनुष्यबळ विभाग, मग संगणक विभाग आणि शेवटी सगळे सहकारी. बदलासाठी एक सोमवार ठरवला. ठरलेला दिवस असला की लोकांना कधीपासून काय म्हणायचे याचा गोंधळ राहत नाही. मॅडमनी शुक्रवारच्या बैठकीत तोंडी सांगितले, आणि नंतर मी लिहून दिलेला मजकूर पाठवला: “सोमवारपासून आपल्या सहकारी अनघा या नावाने काम करतील. त्यांचा उल्लेख ‘त्या’ असा करावा. त्यांचे काम आणि जबाबदाऱ्या आहेत त्याच आहेत. चुकून जुने नाव आले तर लगेच सुधारून पुढे बोलावे.” कारणे, प्रवास, भावना यांतले काही त्यात नव्हते. जे विचारतील त्यांना मी स्वतः सांगणार होते, आणि थोड्याच जणांनी विचारले.

संगणकातल्या नावाने मात्र वेळ घेतला. संदेशांच्या ॲपमध्ये मी माझे नाव स्वतःच बदलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पुन्हा जुने. कारण असे की ते ॲप रोज रात्री मनुष्यबळ विभागाच्या मुख्य नोंदीतून नावे उचलत होते. बदललेले नाव असे आपोआप परत फिरले, तर बदल चुकीच्या जागी झाला आहे असे समजावे आणि मूळ नोंद गाठावी. आमच्या नोंदीत कायदेशीर नाव आणि वापरातले नाव अशा दोन जागा होत्या. पगार, कर आणि विमा पहिल्या जागेवर चालतात, तिला कागदपत्रे होईपर्यंत हात लावता येत नाही. बाकी सगळे दुसऱ्या जागेवरून चालू शकते, पण प्रत्येक यंत्रणा तिथूनच नाव घेईल असे कोणीतरी करून द्यावे लागते. संगणक विभागाने ते केले, नवा ईमेल पत्ता दिला आणि जुन्यावर येणारी पत्रे नव्याकडे वळवली. बाहेरच्या ग्राहकांना नव्या नावाची सूचना मी मुद्दाम जुन्या पत्त्यावरून पाठवली, म्हणजे पाठवणारी व्यक्ती तीच आहे हे त्यांना ओळखता आले.

त्यानंतर एका विश्वासू सहकारी मैत्रिणीला मी चाचणीचे पत्र आणि बैठकीचे निमंत्रण पाठवले, आणि तिच्या शेजारी बसून तिच्या पडद्यावर काय दिसते ते पाहिले. आपल्या पडद्यावर सगळे नीट दिसते, दुसऱ्याच्या पडद्यावर नाही. पत्ता टाकताना तिच्याकडे जुने नाव अजून सुचवले जात होते, कारण ते तिच्याच संगणकात साठलेले होते; ते प्रत्येकाने स्वतः काढावे लागते. आधी ठरलेल्या दर आठवड्याच्या बैठकीतही जुने नाव होते. ती बैठक रद्द करून नव्याने ठरवली, तेव्हा ते गेले.

एक ज्येष्ठ सहकारी अजून नाव टाळतात. ते मला पदाने संबोधतात, आणि जुने नावही घेत नाहीत. मी त्यावर आक्षेप घेतलेला नाही. कायदेशीर नावाची कागदपत्रे अजून व्हायची आहेत, त्यामुळे पगारपत्रक जुन्या नावाने येते. ते लेखा विभागातल्या एकाच व्यक्तीने पाहावे आणि छापील प्रत टेबलावर न ठेवता बंद पाकिटात द्यावी, असे लेखी ठरले आहे. पाकिटावर अनघा लिहिलेले असते.