पाहुण्याला नारळ

फोटो साधाच आहे. तारकर्लीकडच्या एका घरगुती मुक्कामाच्या अंगणात लुंगी नेसलेले काका उभे आहेत, एका हातात कोयता, दुसऱ्यात तोंड छाटलेलं शहाळं. मागे माड आणि पायाशी नारळांनी भरलेलं गोणपाटाचं पोतं. खाली ओळ आहे: ‘आमच्याकडे पाहुणा आला, की आधी त्याला नारळ देतो.’

मराठी माणूस हे वाचून गालात हसतो. त्याच माणसाला ‘याचं जरा इंग्रजी करून दे, फिरंगी पाहुणे येतात हल्ली’ असं सांगितलं, की तो लिहितो, ‘व्हेन अ गेस्ट कम्स टू अवर प्लेस, वी फर्स्ट गिव्ह हिम अ कोकोनट.’ व्याकरणात चूक नाही, एकही शब्द गळलेला नाही, आणि विनोद मात्र जागच्या जागी गेलेला. परका वाचक म्हणेल, छान, नारळ देतात. यात लिहिण्यासारखं काय आहे?

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून अशा ओळींचं इंग्रजी करायची गरज वाढतच गेली आहे, आणि बहुतेक ओळींचं होतं ते हेच.

तेव्हा आधी मूळ ओळ सोलून बघावी. वरच्या सालीला ती आदरातिथ्याची आहे: उन्हातून आलात, शहाळं प्या. आतला गर वेगळाच. ‘नारळ देणे’ म्हणजे बोळवण करणे, कामावरून काढणे. शाल-श्रीफळ देऊन सन्मानाने निरोप द्यायची आपली रीत, तिचाच हा तिरका वापर. म्हणजे काका एकाच वाक्यात ‘या बसा’ही म्हणतात आणि ‘निघा आता’ही. त्यातला ‘आधी’ हा शब्द बारीक असला तरी कळीचा आहे, कारण निरोपाची वस्तू स्वागतालाच हातात पडते.

इथे एखादा जाणकार शब्द दुरुस्त करायला धावतो. चित्रातलं फळ नारळ नव्हेच, ते शहाळं, आणि मालवणकडे तर त्याला अडसर म्हणतात! बरोबर आहे. पण ‘शहाळं देतो’ लिहिलं की वाक्प्रचार तुटला. तसंच ‘एक नारळ देतो’ लिहिलं तरी तुटतो. नुसतं ‘नारळ देतो’ म्हटलं तर नोकरी जाते, ‘एक नारळ देतो’ म्हटलं तर फक्त फळ मिळतं. हे लक्षात ठेवावं, इंग्रजीत हाच काटा पुन्हा टोचणार आहे.

आता ठरवायचं ते हे, की या ओळीतलं कोकण नेमकं कुठे आहे. पहिलं उत्तर ‘नारळात’ असं येतं, आणि ते फसवं आहे. नारळ केरळातही आहे, श्रीलंकेतही आहे. इथली चव आहे ती काकांच्या खवचटपणात. जीव लावायचा तो चिमटा काढूनच. तोंडावर अपमान, हातात शहाळं. इंग्रजीत नारळ राहिला आणि चिमटा गेला तर उरते ती हॉटेलची जाहिरात. चिमटा राहिला आणि नारळ थोडा बाजूला सरकला, तर काका ओळखू येतात.

मग इंग्रजीतला नारळ शोधायचा. शब्दकोशात ‘कोकोनट’ उघडून तो सापडत नाही, ‘कामावरून काढणे’ उघडून सापडतो. तिथे बरीच मंडळी बसलेली असतात: फायर, बूट, ॲक्स, सॅक. फायर म्हटलं की काकांची झोपडी पेटली असं वाटेल. बूट म्हणजे लाथ, आणि ॲक्स म्हटलं की काकांच्या हातातला कोयता भलताच भीतिदायक दिसायला लागतो. उरला सॅक. ‘टू गेट द सॅक’ म्हणजे नोकरीवरून जाणे. कामगार आपली हत्यारं पिशवीत घालून आणायचे आणि काम सुटलं की मालक ती पिशवी हातात द्यायचा, असा त्याचा उगम सांगतात. म्हणजे निरोपाच्या वेळी हातात टेकवायची वस्तू. नारळाचा हा अगदी सख्खा चुलतभाऊ! शिवाय फोटोत काकांच्या पायाशी पोतं आहेच.

ओळ अशी बनते: ‘गेस्ट्स गेट द सॅक ऑन अरायव्हल. कोकोनट्स इन्क्लुडेड.’

मूळ ओळीत आठ शब्द, इथेही आठ. फोटोखालच्या ओळीचा श्वास तेवढाच असतो, दोनाचे चार शब्द झाले की वाचणारा पुढच्या चित्रावर जातो. ‘आधी’चं काम ‘ऑन अरायव्हल’ने केलं. आणि एक जास्तीची गंमत हाती लागली: ‘ऑन अरायव्हल’ आणि ‘इन्क्लुडेड’ हे दोन्ही हॉटेलच्या दरपत्रकातले शब्द, आल्याआल्या सरबत आणि भाड्यात नाश्ता धरलेला, तसे. दरपत्रकाच्या सुरात बडतर्फी सांगितली, की काकांचा निर्विकार चेहरा इंग्रजीतही उभा राहतो.

घोटाळा होतो तो ‘द’वर. मराठीत असला प्रकार नसल्यामुळे आपल्या हातून ‘गेट अ सॅक’ लिहिलं जातं, आणि मग पाहुण्याला खरंच एक पोतं मिळतं. ‘द’ असेल तरच नोकरी जाते. आपल्या ‘एक नारळ’चाच हा प्रकार. दुसरी खोड उद्गारचिन्हांची. मराठी ओळीखाली तीन उद्गारचिन्हं आणि दोन हसरे चेहरे असले तरी कुणाचं बिघडत नाही, पण इंग्रजीत अशी ओळ पूर्णविरामावर कोरडी सोडावी. ‘सॅक’ला अवतरणात घालणं म्हणजे वाचकाच्या बरगडीत कोपर मारून ‘कळला का?’ विचारणं. आणि कंसात वाक्प्रचाराचा अर्थ देऊ नये. समजावलेला विनोद शिळ्या घावनासारखा असतो, चावला जातो पण मजा नाही.

सॅक सुचला म्हणून बाकीचे पर्याय फेकून द्यायचे नसतात. दोन तर फारच मोहात पाडणारे आहेत. शहाळ्याला भारतीय इंग्रजीत ‘टेंडर कोकोनट’ म्हणतात, आणि राजीनामा देणं म्हणजे ‘टेंडर’ करणं. त्यावरून ‘फर्स्ट, अ टेंडर कोकोनट. देन टेंडर युवर रेझिग्नेशन.’ शहाळं प्या, मग राजीनामा द्या. नारळही राहिला, नोकरीही राहिली, म्हणजे गेली. श्लेष म्हणून हा सॅकपेक्षा चोख आहे. पण यात काका पाहुण्याला घालवत नाहीत, पाहुणाच आपल्या साहेबाला सोडून इथे राहायला येतो. ओळ गोड झाली, खवचट राहिली नाही. शिवाय ‘टेंडर कोकोनट’ हा शब्द आपल्याकडचा. बाहेर त्याला ‘यंग कोकोनट’ म्हणायची सवय जास्त, त्यामुळे अर्धे वाचक पहिल्याच पायरीवर अडखळतील. तरी फोटोत पोतं नसेल आणि पाहुणे मुंबई-बंगळुरूच्या ऑफिसातले असतील, तर हीच ओळ घ्यावी.

दुसरा मोह सोलकढीचा. अमेरिकेत बडतर्फीच्या चिठ्ठीला ‘पिंक स्लिप’ म्हणतात, आणि सोलकढी गुलाबीच असते. ‘नो पिंक स्लिप्स हिअर. जस्ट अ पिंक सिप.’ जिभेवर छान घोळते. पण फोटोत सोलकढी कुठे आहे? चित्राखालची ओळ चित्राच्या साक्षीवर चालते. विनोद कितीही सुरेख असो, साक्षीदार नसेल तर निकाल विरुद्ध जातो. ही ओळ वहीत लिहून ठेवावी आणि सोलकढीच्या पेल्याचा फोटो येईपर्यंत थांबावं.

याच कारणाने सॅकवाल्या ओळीला पोतं चौकटीत लागतंच. मूळ मराठी ओळ पोत्याविना चालते, कारण तिचा भार शहाळ्यावर आहे. इंग्रजी ओळीचा भार पोत्यावर सरकला आहे. फोनवर फोटो चौकोनी कापताना खालचा भाग जातो, पोतं अदृश्य होतं आणि पाहुण्यांना उगाचच हाकललं जातंय असं दिसतं. तेव्हा भाषांतर करणाऱ्याने नुसती ओळ पाठवू नये, ‘पोतं कापू नका’ हेही कळवावं. जमलं तर काकांनाच सांगावं, पोतं जरा पुढे ओढा.

सगळ्याच ओळींत असा श्लेष नसतो. गडग्यावर चढून, हात उंच करून, मोबाईल आभाळाला दाखवणारा माणूस, आणि खाली: ‘बा देवा म्हाराजा, मोबाईलाक रेंज येव दे रे म्हाराजा! – व्हय म्हाराजा!’ इथे गंमत शब्दात नाही, गाऱ्हाण्याच्या साच्यात आहे. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. म्हणून इंग्रजीतही दोन आवाज ठेवावेत. पहिला जुन्या प्रार्थनेच्या भारदस्त इंग्रजीत, ‘ओ लॉर्ड, ग्रँट अस बट वन बार.’ बार म्हणजे फोनवरची सिग्नलची काठी, आणि दुसरा अर्थ कुणाला आठवला तर देवाचीही हरकत नसावी. दुसरा आवाज ‘आमेन’ने भरायचा मोह होतो, पण आमेन म्हटलं की रवळनाथाच्या देवळातून सगळे उठून चर्चमध्ये जाऊन बसतात. ‘व्हय म्हाराजा’ तसंच ठेवावं. होकाराच्या जागी आलेला शब्द होकाराचाच असणार, हे वाचकाला कुणी सांगावं लागत नाही. फक्त स्पेलिंग करताना एमनंतर ए न घालता थेट एच घालावा, उच्चारात आहे तसा. नाहीतर फेटा बांधलेला, हत्तीवर बसलेला महाराजा गडग्यावर येऊन उभा राहतो.

ओळ जमली की नाही हे कळायला दोन माणसं पुरतात. एक मराठी न येणारा: त्याला फोटोसकट ओळ दाखवायची आणि गप्प बसायचं. तो हसण्याआधी ‘म्हणजे?’ म्हणाला तर परत वहीकडे. दुसरे खुद्द काका. इंग्रजी ओळ काय म्हणते ते त्यांना मराठीत सांगायचं, कारण खाली नाव त्यांच्या घराचं असतं. इथे एक खड्डा आहे. मराठीत सॅक म्हणजे पाठीवरचं दप्तर. काका ती ओळ तशीच वाचतील तर विचारतील, आम्ही कधी कुणाला सॅक वाटली? तेव्हा त्यांना ‘सॅक म्हणजे तुमचाच नारळ’ एवढं सांगावं, ते लगेच ओळखतात.

आणि मग ते ‘इन्क्लुडेड’वर बोट ठेवतील. दरपत्रकातला शब्द उसना घेतला, की तो दरपत्रकासारखाच वागतो. भाड्यात धरलेलं म्हणजे फुकट. हिशेबाच्या वेळी पाहुणा हीच ओळ दाखवून शहाळ्याचे पैसे वजा करायला सांगू शकतो. पहिलं शहाळं खरंच घरचं असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर शेवटचा एकच शब्द बदलायचा: ‘गेस्ट्स गेट द सॅक ऑन अरायव्हल. कोकोनट्स एक्स्ट्रा.’ शब्द तेवढेच. आणि काकांना बहुधा हीच ओळ जास्त आवडेल.