आमची वाटचाल : कार्टमधल्या तीन ओळी आणि एक दिवाळी

बेळगावात खडेबाजारच्या मागच्या गल्लीत आमचं चपलांचं दुकान वडिलांनी काढलं, मी पुढं चालवतोय, आणि लॉकडाऊननंतर वेबसाइटवर विकायला लागलो. माल अथणीचा, कारागीर वडिलांच्या काळापासूनचीच घरं. मधली वर्षं बरी गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते २०२३ च्या दिवाळीबद्दल, कारण तेव्हा आम्ही बुडता बुडता राहिलो आणि ते एका टिकमार्कमुळं.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकानं तेव्हा ऑनलाइन दुकान काढलं होतं. रेक्झिनचं पायताण आणि वर लिहिलेलं 'अस्सल कोल्हापुरी'. कोल्हापुरी चपलेचा जीआय, म्हणजे ते नाव लावायचा हक्क, आठ जिल्ह्यांना आहे, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले, त्यात आपलं बेळगाव आहे, आणि ज्यांनी आयुष्य कातड्यात घातलं त्यांचा माल पडून अन् याची विक्री जोरात. त्याच्या कार्टवर घड्याळ उलटं पळायचं, 'अजून १४ मिनिटं', पान परत उघडलं की परत १४. मला ते बघून राग यायचा आणि खरं सांगतो, भीतीपण वाटायची. म्हणून वेबसाइट करून देणारा पोरगा म्हणाला की तुमची अ‍ॅव्हरेज ऑर्डर वाढवून देतो, तर मी हो म्हटलं.

त्यानं कार्टमध्ये तीन गोष्टी घातल्या. वर 'कम्प्लीट युअर लुक' म्हणून पाकीट, बेल्ट आणि लेडीज चप्पल, आठ नंबरची जेन्ट्स चप्पल घेणाऱ्या माणसाला! खाली २४९ रुपयांचं केअर किट, तेल, ब्रश आणि कापडी पिशवी, त्यावर टिक आधीच मारलेली. आणि टिक काढायला गेलं की विचारायचं, 'नको, मला माझ्या चपलांची काळजी नाही' असं बटण. मी तेव्हा वाचलंच नव्हतं, माझी चूक.

पहिल्या आठवड्यात आकडा वाढला, पोरगा खूश, मीपण. दुसऱ्या आठवड्यापासून पार्सलं परत यायला लागली. आमच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरी. माणसाच्या डोक्यात १४५० बसलेले असतात, दारात कुरिअरवाला १६९९ मागतो, माणूस म्हणतो मी हे मागवलंच नाही, परत घेऊन जा. एका आठवड्यात चाळीसातली अकरा परत आली. जायचं भाडं माझं, यायचं भाडं माझं, डबे चेपलेले, आणि तो जोड दोन-तीन आठवडे रस्त्यातच फिरतोय म्हणजे पैसाही तिथंच. अथणीला शनिवारचा हिशोब द्यायला हातात रोख नव्हती. ऐन दिवाळीत कारागिराला 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणायची पाळी आमच्या घरावर कधी आली नव्हती.

खानापूरच्या आमच्या एक बाई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या, वडिलांच्या काळापासून त्यांच्या घरचं पायताण आमच्याकडनंच जातंय. पुण्याच्या लेकाला त्यांनी वेबसाइटवरनं जोड पाठवला आणि किट बघून फोन केला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, तुझ्या बापानं तेलाची बाटली कधी पिशवीत गुपचूप घातली नाही. तेल लाव म्हणून सांगायचा आणि घरात खोबरेल असलं तरी चालतं म्हणायचा."

ते ऐकून मी टिक त्याच दिवशी काढली आणि दोन दिवस गल्ल्याजवळ वही घेऊन बसलो. आमचे काका अजून गिऱ्हाईक बघतात, ते कुणाला काय म्हणतात ते शब्द न शब्द लिहून काढलं. एक गोष्ट लगेच दिसली, ते वस्तू पुढं करतच नाहीत, आधी काय होणार ते सांगतात. "चार-पाच दिवस अंगठ्याजवळ चावंल." मग गिऱ्हाईकच विचारतं, मग काय करू? काकांनी तेल सांगितलं तरी ते दडपण वाटत नाही, कारण प्रश्न गिऱ्हाइकाचा असतोय.

कार्टमध्ये मी तेच नेलं. किट मोडलं. पिशवी पाहिजे ती प्रवासाला जाणाऱ्याला, ब्रश कुणालाच नको होता. आता आठ नंबरची कोल्हापुरी कार्टमध्ये असेल तर एकूण रकमेच्या खाली एकच ओळ येते, 'नवं कातडं पहिले चार-पाच दिवस अंगठ्याला चावतं. रात्री पट्ट्याला आणि कानाला एरंडेल पातळ लावून ठेवा, जास्त लावलं तर रंग काळवंडतो. घरात खोबरेल असेल तर तेही चालतं. नसेल तर १०० मिली बाटली, १२० रुपये.' बाजूला 'घाला', दाबल्याशिवाय एकूण बदलत नाही. दुसरं बटण नुसतं 'नको', आणि एकदा नको म्हटलं की ती ओळ त्या ऑर्डरमध्ये परत दिसत नाही. पोरगा म्हणाला, खोबरेल चालतं असं लिहिलं तर बाटली कोण घेणार? घेतात की! किटपेक्षा कमी पैसे येतात, पण येतात ते परत जात नाहीत.

दुहेरी तळाचा जोड ३५० रुपयांनी महाग आहे, तोही तो पोरगा कार्टमध्ये दाखवायचा, 'अपग्रेड करा' म्हणून. ते मी तिथनं काढून चपलेच्या पानावर नेलं. माणूस कार्टपर्यंत आला म्हणजे त्यानं ठरवलेलं असतं, तिथं परत महागडं दाखवलं तर आपण घेतलेलं चुकलं काय अशी शंका येते आणि तो पैसे न भरता निघून जातो. चपलेच्या पानावर ओळ अशी आहे, 'रोज चालणार असाल तर दुहेरी तळ, ३५० जास्त. लग्नाकार्याला घालायची असेल तर साधा तळ पुरे.' दुसरं वाक्य आहे म्हणून पहिल्यावर विश्वास बसतो.

नवीन दुकान काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, किती जणांनी बाटली घातली एवढंच बघू नका. त्याच्या शेजारी दोन आकडे लिहा, कार्टमधनं किती जणांनी ऑर्डर पुरी केली आणि दारातनं किती पार्सलं परत आली. बाटलीचा आकडा वाढतोय आणि हे दोन बिघडतायत तर तुमची ओळ मदत नाही, ढकलणं आहे. आणि महिनाभर तरी थांबा, कारण परत येणारं पार्सल उशिरा कळतं, आम्ही पहिल्याच आठवड्यात फसलो ते यामुळंच.

कानडी ओळी मी भाषांतर करून घेतल्या नाहीत. हुबळी, धारवाडच्या ऑर्डरी पॅक करणारी आमची अक्का आहे, तिला म्हटलं तू तुझ्या आईला कसं सांगशील तसं लिही. 'कम्प्लीट युअर लुक'चं मराठी त्या पोरानं 'तुमचा लुक पूर्ण करा' असं केलं होतं, आपल्याकडं असं कोण बोलतंय?

दिवाळी होऊन अठरा दिवस झाले आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नच्या, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाला चकवायच्या युक्त्यांविरुद्धच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या. तेरा प्रकार दिलेत. न विचारता कार्टमध्ये वस्तू घालणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, खोटी घाई करणं, तिन्ही त्यात आहेत. पहिले दोन आम्ही केलेले होते. तिसरा ज्याचा आहे त्याचं घड्याळ परवा बघितलं तर अजून १४ मिनिटांवरच होतं.

आता जून लागला की आमच्या कार्टवर तेलाच्या जागी वेगळी ओळ येते, 'पावसात ही चप्पल घालू नका, तळ फुगतो आणि बुरशी धरते. गणपतीनंतर पाठवली तर चालेल काय?' खाली दोन बटणं आहेत, 'आत्ता पाठवा' आणि 'नंतर पाठवा'. नंतर म्हणणाऱ्यांची यादी काका वहीत हातानं लिहितात, खानापूरच्या बाईंचं नाव त्यात पहिलं.