फुकट कामाला नकार देणारी पोस्ट पुन्हा लिहिताना

मी मराठी मजकुराची अक्षरजुळणी आणि मांडणी करतो. लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, कुणाच्या एकसष्टीची स्मरणिका अशी कामे ‘पाच मिनिटांचे तर आहे’ असे म्हणत ओळखीपाळखीतून विनामोबदला मागितली जातात. तोंडी नकार देऊनही तीच मंडळी पुन्हा विचारू लागली, तेव्हा सर्वांसाठी एकच पोस्ट लिहायचे ठरवले.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात ‘काही जण माझ्या चांगुलपणाचा गैरफायदा घेतात’ अशी होती. लिहिताना बरे वाटले, हे खरे. मात्र ज्याने एकदाच आणि संकोचाने विचारले होते, त्याला ते वाक्य लागले असते. जो वरचेवर विचारतो, त्याला ते आपल्याविषयी आहे असे वाटलेही नसते. म्हणून ते सौम्य करत न बसता काढूनच टाकले.

पुढचे वाक्य होते, ‘क्षमस्व, सध्या कामाचा व्याप असल्यामुळे विनामूल्य कामे शक्यतो स्वीकारता येणार नाहीत.’ हे सभ्य होते, पण त्यात नकार कुठेच नव्हता. ‘सध्या’ म्हटले की दिवाळीनंतर विचारायची मोकळीक मिळते, व्यापाचे कारण दिले की ‘घाई नाही, सवडीने कर’ हे उत्तर तयार असते, आणि ‘शक्यतो’ वाचून प्रत्येकाला आपले काम अपवादात बसते असे वाटते. शिवाय खरे कारण वेळेचे नव्हतेच, उपजीविकेचे होते.

शेवटी मजकूर असा झाला: ‘नमस्कार. अक्षरजुळणी आणि मांडणी हा माझा व्यवसाय असल्याने ही कामे मी विनामोबदला करीत नाही. नातेवाईक, मित्र आणि संस्था या सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे. कामाचे स्वरूप आणि पानांची संख्या कळवल्यास मी खर्चाचा अंदाज सांगेन. निम्मी रक्कम आगाऊ मिळाल्यावर काम सुरू होईल. दोन वेळच्या दुरुस्त्या खर्चाच्या अंदाजातच धरलेल्या आहेत. आपण विश्वासाने विचारता, याबद्दल आभार.’

दुरुस्त्यांचा उल्लेख काहींना कोरडा वाटला, पण पत्रिकेचे काम तिथेच लांबते: निमंत्रकांच्या यादीत एका आत्याचे नाव राहिलेले असते, ते घातले की खालचा स्थळाचा मजकूर सरकतो आणि सगळी मांडणी पुन्हा बसवावी लागते. गावच्या वाचनालयाचे काम मी आजही पैसे न घेता करतो. तो अपवाद मात्र पोस्टमध्ये मुद्दाम लिहिला नाही, कारण लिहिलेल्या अपवादाचा आधार घेऊन प्रत्येक संस्था विचारू लागली असती.

पोस्ट वाचूनही एका काकांनी ‘आपले तर घरचेच कार्य आहे’ असे कळवले. नवे कारण न देता मी लिहिले, ‘काका, लग्न ठरल्याचा खूप आनंद झाला. नियम सर्वांना सारखा ठेवला आहे, त्यामुळे तुमच्यासाठीही मोडता येणार नाही. मजकूर पाठवलात तर आजच अंदाज कळवतो.’ त्यांनी पत्रिका दुसरीकडून करून घेतली आणि आमंत्रण द्यायला स्वतः घरी आले.